विमा वेगळा, गुंतवणूक वेगळी

रेजिनातल्या आपल्या बहुतेक मराठी घरांत कागदपत्रांच्या एखाद्या कप्प्यात एलआयसीची पॉलिसी असते. कुणी पहिल्या नोकरीच्या वेळी काढलेली, कुणाच्या वडिलांनी मुलाच्या नावाने सुरू केलेली. हप्ता दरवर्षी पुण्याच्या किंवा ठाण्याच्या बँकेतून आपोआप जातो आणि त्या कागदाकडे वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. त्यामुळे मंडळातील तरुण मंडळी अधूनमधून असे कागद घेऊन येतात आणि विचारतात, "सर, हे चांगले आहे का?" या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण एंडोमेंट पॉलिसीत विमा आणि बचत या दोन वस्तू एकाच पुड्यात बांधलेल्या असतात. पुडा सोडून दोन्ही वेगवेगळ्या तोलल्या की उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होते. या लेखात तेच करायचे आहे.

आधी एक गोष्ट नोंदवतो. आपल्या आईवडिलांच्या पिढीने एलआयसीवर विश्वास ठेवला तो भाबडेपणाने नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात अनेक खासगी विमा कंपन्यांचा कारभार ढिसाळ होता आणि काही बुडाल्याही. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसाय ताब्यात घेतला. त्या वेळी अर्थमंत्री होते आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. पुढे मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, आणि १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ प्रत्यक्ष सुरू झाले तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते. एलआयसी कायद्याच्या ३७ व्या कलमाने विम्याच्या रकमेला आणि जाहीर झालेल्या बोनसला केंद्र सरकारची हमी दिली. त्यामुळे पैसे बुडण्याची भीती या चर्चेत नाही. पैसे सुरक्षितच आहेत. प्रश्न इतकाच की त्या पैशात आपल्याला विमा किती मिळतो आणि वाढ किती मिळते.

पुड्यात काय काय असते

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण ते नेहमीच्या पॉलिसीच्या जवळचे आहेत. तीस वर्षांचा एक तरुण दहा लाख रुपयांची, पंचवीस वर्षे मुदतीची एंडोमेंट पॉलिसी काढतो. वर्षाचा हप्ता ४०,००० रुपये. पंचवीस वर्षांत तो एकूण दहा लाख भरतो. मुदतीत मृत्यू झाला तर कुटुंबाला दहा लाख आणि तोवरचा बोनस मिळतो. मुदत संपेपर्यंत जगला तर तीच रक्कम त्याला स्वतःला मिळते.

बोनस कसा मोजतात, हे समजले की निम्मे गूढ उकलते. दरवर्षी बोनस जाहीर होतो तो "हजारी ४८ रुपये" अशा भाषेत. हा दर विम्याच्या रकमेवर असतो. म्हणजे दहा लाखांवर वर्षाला ४८,००० रुपये. पहिल्या वर्षी भरले ४०,००० आणि बोनस ४८,०००! एजंटने हे सांगितले की ऐकणारा थक्क होतो. पण हे ४८,००० आज हातात येत नाहीत. ते चोवीस वर्षांनी, मुदत संपल्यावर मिळतात आणि मधल्या काळात त्यांच्यावर एक पैसाही व्याज चढत नाही. चोवीस वर्षांनी मिळणाऱ्या ४८,००० रुपयांची आजची किंमत सात टक्के दराने काढली तर ती साडेनऊ हजारांच्या आसपास येते. बोनस खोटा नसतो, पण तो चक्रवाढीने वाढत नाही.

आता मुदतीअखेरचा हिशेब मांडू. विम्याची रक्कम दहा लाख, पंचवीस वर्षांचा बोनस बारा लाख, आणि शेवटी एकदाच मिळणारा अंतिम अतिरिक्त बोनस आपण दोन लाख धरू. एकूण चोवीस लाख. दहा लाख भरून चोवीस लाख मिळाले, म्हणजे पैसे जवळजवळ अडीचपट झाले. ऐकायला हे छान वाटते. पण सगळे दहा लाख काही पंचवीस वर्षे आत नव्हते. पहिला हप्ता पंचवीस वर्षे होता, शेवटचा एकच वर्ष. खरा वार्षिक दर काढायचा तर संगणकावरच्या कुठल्याही हिशेबाच्या तक्त्यात ही एक ओळ टाइप करा:

```
=RATE(25,-40000,0,2400000,1)
```

उत्तर येते सुमारे ६.२ टक्के. अंतिम बोनस मिळालाच नाही असे धरले तर साडेपाच टक्क्यांच्या थोडे वर. आपल्या पॉलिसीचे आकडे घालून कुणीही हे दोन मिनिटांत करून पाहू शकते. पहिला आकडा वर्षांचा, दुसरा हप्ता उणे चिन्हासह, चौथा शेवटी मिळणारी रक्कम. शेवटचा १ म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला जातो.

हा दर इतका का? कारण हप्त्यातला मोठा भाग सरकारी रोख्यांत गुंतवला जातो. रोख्यांवर जे व्याज मिळते त्यातून विम्याचा खर्च, कार्यालयाचा खर्च आणि एजंटचे कमिशन वजा होते. भारतातल्या जुन्या विमा कायद्यात पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनला मुभा होती. उरलेला दर रोख्यांच्या दरापेक्षा थोडा कमीच असणार. यात लबाडी काही नाही, पुड्याची रचनाच अशी आहे.

आता पुडा सोडू या

तोच तरुण, तेच ४०,००० रुपये. समजा, त्याने एंडोमेंटऐवजी दहा लाखांचा नुसता मुदत विमा, म्हणजे टर्म विमा घेतला. या विम्यात मुदत संपेपर्यंत जगलात तर काहीच परत मिळत नाही, म्हणून तो स्वस्त असतो. वर्षाला ३,००० रुपये धरू. उरलेले ३७,००० त्याने दरवर्षी सात टक्के देणाऱ्या सुरक्षित योजनेत टाकले. भारतात पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, तेव्हा हा दर काही अवास्तव नाही. पंचवीस वर्षांनी जमतात सुमारे पंचवीस लाख. एंडोमेंटमध्ये चोवीस लाख होते. फरक एका लाखाचा!

इथे पुष्कळ जण दचकतात, कारण "एंडोमेंट म्हणजे निव्वळ तोटा" असे त्यांनी ऐकलेले असते. तेवढाच विमा आणि तेवढीच सुरक्षितता घेतली तर फरक फारसा नाही. खरा फरक दोन ठिकाणी पडतो.

पहिला फरक विम्याच्या रकमेत. चाळीस हजार भरणाऱ्या माणसाचे कुटुंब दहा लाखांत किती दिवस चालेल? एंडोमेंटमध्ये एक कोटीचा विमा हवा असेल तर वर्षाला चार लाख भरावे लागतील, आणि ते कुणालाच परवडत नाही. म्हणून लोक परवडेल तेवढा विमा घेतात, लागेल तेवढा घेत नाहीत. मुदत विम्यात मात्र निरोगी तिशीच्या माणसाला एक कोटीचे संरक्षण वर्षाला बारा हजारांच्या आसपास मिळू शकते. समजा त्याने तसे केले आणि उरलेले २८,००० त्याच सात टक्क्यांनी साठवले. दहाव्या वर्षाअखेर दुर्दैवाने तो गेला, तर एंडोमेंटवाल्या कुटुंबाला मिळतात १४ लाख ८० हजार. दुसऱ्या कुटुंबाला विम्याचे एक कोटी आणि शिवाय साठलेले सुमारे चार लाख. एंडोमेंटमध्ये माणूस गेल्यावर बचतीचे पैसे वेगळे परत मिळत नाहीत, ते विम्याच्या रकमेतच मुरतात. वेगळे ठेवले तर दोन्ही हाती येतात. आणि तो पंचवीस वर्षे सुखरूप जगला तर? सात टक्क्यांनी १९ लाख जमले असतील, म्हणजे एंडोमेंटपेक्षा पाच लाख कमी. दहापट संरक्षणाची किंमत ती.

दुसरा फरक गुंतवणुकीच्या निवडीत. बचत वेगळी ठेवली की ती कुठे ठेवायची हे आपल्या हाती राहते. तेच २८,००० समभागांच्या म्युच्युअल फंडात टाकले आणि सरासरी दहा टक्के मिळाले तर पंचवीस वर्षांनी तीस लाखांच्या वर जातात. पण "मिळाले तर" हे शब्द महत्त्वाचे. २००८ च्या जूनपासून २००९ च्या मार्चपर्यंत टोरांटोचा शेअर निर्देशांक जवळजवळ निम्म्यावर आला होता. ज्याला पुढच्या दोन-चार वर्षांत पैसे लागणार आहेत, किंवा ज्याला असा खड्डा पाहून झोप लागत नाही, त्याने हे दहा टक्के गृहीत धरू नयेत.

रेजिनात राहताना

आतापर्यंतचा हिशेब रुपयांत होता. आपण इथे राहतो, म्हणून त्यात दोन गोष्टी आणखी येतात.

पहिली चलनाची. २००० साली एका कॅनेडियन डॉलरला साधारण तीस रुपये पडत. आज साठच्या वर पडतात. म्हणजे दहा लाखांचा विमा तेव्हा ३३ हजार डॉलरचा होता, आज तो सोळा हजारांचा आहे. ज्या घरावर तीन लाख डॉलरचे कर्ज आहे, त्या घराचे साधारण दहा महिन्यांचे हप्ते एवढ्यात भागतील. मुले इथल्या शाळेत, कर्ज डॉलरमध्ये, किराणा डॉलरमध्ये आणि संरक्षण मात्र रुपयांत, असे असेल तर खरे तर विमा नाहीच असे समजावे.

किती हवा, याचा ढोबळ हिशेब असा. पस्तिशीचे एक जोडपे, दोन लहान मुले, कर्ज तीन लाख. कमावते माणूस गेले तर पंधरा वर्षे वर्षाला तीस हजारांची तूट येईल असे धरले, तर ते साडेचार लाख. एकूण साडेसात लाख. यातून नोकरीतला सामूहिक विमा एक लाख आणि शिल्लक पन्नास हजार वजा केली, तर उरतात सहा लाख डॉलर. सीपीपीचा एकरकमी मृत्यूलाभ जेमतेम २,५०० डॉलर असतो. जोडीदाराला निवृत्तिवेतनाचा काही भाग मिळतो, पण त्याने ही तूट भरून निघत नाही. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला सहा लाखांचा वीस वर्षांचा मुदत विमा महिन्याला चाळीस डॉलरच्या घरात मिळू शकतो. नोकरीतला विमा नोकरीबरोबर जातो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट कराची. भारतात अशा पॉलिसीची मुदतीअखेरची रक्कम बहुतेक वेळा प्राप्तिकराच्या १०(१०डी) कलमाखाली करमुक्त असते. कॅनडा ही सवलत मानत नाही. कॅनडाच्या कायद्यात बचत फार आणि विमा थोडा अशा पॉलिसींना करसवलतीतून वगळण्यासाठी एक कसोटी आहे, आणि कमी मुदतीच्या एंडोमेंट पॉलिसी साधारणपणे त्या कसोटीला उतरत नाहीत. त्यामुळे त्यांच्यातली वाढ दरवर्षीच्या उत्पन्नात धरावी लागू शकते. शिवाय परदेशातल्या मालमत्तेची एकूण मूळ किंमत एक लाख डॉलरच्या वर गेली तर T1135 हा फॉर्म भरावा लागतो, आणि त्या मालमत्तेत परदेशी विमा पॉलिसीही मोजली जाते. नुकत्याच आलेल्यांनी इथे स्थायिक झाल्याच्या तारखेला आपल्या पॉलिसीची सरेंडर किंमत किती होती, याचे एलआयसीकडून पत्र आणून ठेवावे. हिशेबनीसाला पुढे त्याचा उपयोग होतो.

हाच पुडा कॅनडातही विकला जातो, फक्त वेष्टन निराळे. इथे त्याला पार्टिसिपेटिंग होल लाइफ म्हणतात आणि बोनसच्या जागी डिव्हिडंड असतो. त्याच्या माहितीपत्रकात पाच-सहा टक्क्यांचा "डिव्हिडंड स्केल व्याजदर" दिलेला असतो. हा दर तुमच्या हप्त्यावर मिळत नाही. कंपनी आपल्या सामूहिक निधीवर तो धरते, आणि त्यातूनच खर्च व विम्याचा भार आधी निघतो. म्हणजे हजारी ४८ रुपयांचाच हा भाऊ. असे कागद समोर आले तर "हमी" असे लिहिलेला स्तंभ शोधा आणि पाचव्या व दहाव्या वर्षीची रोख किंमत आपण तोवर भरलेल्या रकमेशी ताडून पाहा. नातवंडांच्या नावाने अशी पॉलिसी घेण्याचा आग्रह आजी-आजोबांना होतो. मुलावर कुणाचे पोट अवलंबून नसते, त्यामुळे त्याच्या विम्याची गरज फार थोडी. तेच पैसे शिक्षणाच्या आरईएसपी खात्यात टाकले तर वर्षाला २,५०० डॉलरवर सरकार ५०० डॉलर घालते.

होल लाइफला जागाच नाही असे मात्र नाही. आयुष्यभर अवलंबून राहणारे अपंग अपत्य असेल, किंवा स्वतःची कंपनी असून मृत्यूच्या वेळी लागणाऱ्या कराची तरतूद करायची असेल, तर कायमचा विमा लागतो. बहुतेक पगारदार घरांना तो लागत नाही.

वेगळे ठेवणाऱ्यांचे काय चुकते

"मुदत विमा घ्या, उरलेले गुंतवा" हा सल्ला सोपा आहे, पण तो बहुधा दुसऱ्या अर्ध्यात फसतो. उरलेले पैसे गुंतवले जात नाहीत, ते खर्च होतात. एंडोमेंटचा सर्वांत मोठा गुण हाच की ती सक्तीने बचत करायला लावते. त्यामुळे विमा घेतला त्याच दिवशी बँकेतून फंडाकडे दरमहा आपोआप पैसे जाण्याची व्यवस्था करा. करमुक्त टीएफएसए खाते त्यासाठी सोयीचे. नव्याने आलेल्यांसाठी त्याची मर्यादा इथले रहिवासी झाल्याच्या वर्षापासूनच मोजली जाते.

फंडाचा खर्चही बघावा. कॅनडात पुष्कळ म्युच्युअल फंड वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास खर्च आकारतात. दहा हजार डॉलर पंचवीस वर्षे सहा टक्क्यांनी वाढले तर ४२,९०० होतात, चार टक्क्यांनी फक्त २६,७००. एंडोमेंटचा खर्च टाळायला निघून महागड्या फंडात शिरलो तर मिळवले काय? निर्देशांकावर आधारलेले फंड याच्या अगदी थोड्या खर्चात मिळतात. भारतातल्या फंडांच्या मागे लागू नका. बऱ्याच फंड कंपन्या कॅनडातल्या रहिवाशांचे पैसे घेत नाहीत, आणि घेतले तरी इथला कर गुंतागुंतीचा होतो.

तिसरी चूक मुदतीची. वीस वर्षांचा विमा संपल्यावर नूतनीकरणाचा हप्ता कितीतरी पटींनी वाढतो, आणि तोवर मधुमेहासारखे काही निघाले असेल तर नवा विमा महाग पडतो किंवा मिळतच नाही. म्हणून कर्ज फिटेपर्यंत आणि धाकटे मूल कमावते होईपर्यंत पुरेल एवढी मुदत पहिल्यांदाच घ्यावी.

जुनी पॉलिसी मोडावी का?

हा लेख वाचून कुणी उद्याच पॉलिसी सरेंडर करायला निघाले तर कदाचित नुकसानच होईल. भरलेले हप्ते गेले ते गेले. आता फक्त पुढचा हिशेब करायचा. आपल्या उदाहरणातली पॉलिसी दहा वर्षांची झाली आहे असे समजा. सरेंडर केली तर साधारण तीन लाख मिळतील. पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवले, तर दहा लाखांच्या पंचवीसातले दहा भाग म्हणजे चार लाख आणि साठलेला बोनस ४ लाख ८० हजार, असे ८ लाख ८० हजार मिळतील, पण तेही पंधरा वर्षांनी, आणि पुढचा बोनस नाही.

चालू ठेवली तर आणखी पंधरा हप्ते भरून शेवटी चोवीस लाख. सरेंडरचे तीन लाख आणि पुढचे हप्ते दुसरीकडे गुंतवून तेवढेच चोवीस लाख मिळवायचे तर दरवर्षी सुमारे नऊ टक्के मिळायला हवेत. अंतिम बोनस न धरताही आठ टक्क्यांच्या पुढे. रुपयांत, बहुतांशी खात्रीचा असा दर सहजी मिळत नाही. याचे कारण सोपे आहे. कमिशनचा आणि सुरुवातीच्या खर्चाचा भार पहिल्या काही वर्षांतच सोसून झालेला असतो. म्हणून पॉलिसी जितकी जुनी, तितकी ती न मोडण्याकडे कल असावा. नुकतीच काढलेली असेल, हप्ता जड जात असेल, तर मात्र सरेंडरचा विचार जरूर करावा. भारतात १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांखालील पॉलिसींना एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही काही सरेंडर किंमत मिळते. पूर्वी दोन-तीन वर्षे थांबावे लागे.

कोणत्याही निर्णयाआधी क्रम मात्र चुकू देऊ नका. आधी इथला मुदत विमा मंजूर होऊन हाती येऊ द्या, मगच जुन्या पॉलिसीला हात लावा. मधल्या काळात वैद्यकीय तपासणीत काही निघाले तर जुना दहा लाखांचा विमाही उपयोगी ठरतो.

यंदा लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वहीशेजारी पॉलिसीचाही कागद ठेवा, आणि पूजा झाल्यावर एका कोऱ्या पानावर दोन आकडे लिहा. हा कागद माझ्या माघारी घराला किती डॉलर देईल, आणि जगलो तर माझ्या पैशाला किती टक्के देईल. पहिला आकडा घराच्या कर्जापेक्षा लहान असेल, तर दुसऱ्याची चर्चा नंतर. आधी त्याची सोय करा.